हिरवा फोन

‘‘या जगात आवाज कधीही नष्ट होत नाही. तो फक्त दुसरीकडे जातो.’’

हे महावाक्य आमच्या गोष्टीतल्या जावईबापूंचं. ते त्यांनी उच्चारलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडून, आपला वाजत असलेला मोबाइल सोफ्याखाली शोधत होते. मोबाइल सापडला तो त्यांच्याच खिशात. पण जावईबापू एका मोठ्या कंपनीत बिघडलेले कंप्युटर फोनवरून दुरुस्त करून देत, आणि अशा माणसाच्या तत्त्वज्ञानाला सासरी मान असतो. गेल्या खेपेला ते आले होते तेव्हाची ही गोष्ट. मग ते आपल्या गावी परत गेले, आणि घरातल्यांनी ते वाक्य विसरून टाकलं.

पुढे अण्णांचा आवाज बसला.

अण्णा म्हणजे जावईबापूंचे सासरे. बस-स्थानकावरच्या कर्ण्यातून गाड्यांच्या वेळा सांगणे हा त्यांचा जन्मभराचा धंदा. गाडी उशिरा येणार, गाडी रद्द झाली, एक लहान मूल सापडलं आहे, एक म्हातारे गृहस्थ हरवले आहेत, हे सगळं ते एकाच सुरात सांगत. निवृत्त झाल्यावर तोच सूर घरात आला. ‘‘आंघोळीचं पाणी तापलेलं आहे’’ हे ते असं सांगत की ऐकणारा सामान उचलून उभा राहावा. त्या आवाजाला पावसाळ्यात खरखर लागली, ती उन्हाळा आला तरी गेली नाही. मग घशात नळी घालून पाहिलं, गाठ दिसली, तिचा तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट बंद पाकिटातून घरी आला.

पाकीट अण्णांच्या नावाचं होतं. फोडलं मुलाने.

मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचा. रिपोर्टातले शब्द त्याला कळले नाहीत, पण शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. चांगल्या बातमीखाली कुणी दोन रेघा मारत नाही, एवढं त्याला कळलं. त्याने पाकीट आपल्या कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवलं आणि अण्णांना सांगितलं, ‘‘साधी गाठ आहे.’’

‘‘साधी म्हणजे?’’

‘‘म्हणजे... साधी.’’

‘‘असं का,’’ अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सुनेला ते न विचारणं आवडलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची. ज्या मुलाला काही शंका नसते, त्याच्या वहीत डोकावून पाहावं लागतं, असा तिचा अनुभव होता.

घशाच्या अशा गाठींचे एक मोठे डॉक्टर दूरच्या शहरात होते. कागद आधी पाठवायचे, मग ते लॅपटॉपवरून भेट देत. बरीच खटपट करून ती भेट मिळाली. चुकली असती तर पुढची कधी, ते खुद्द डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनाही सांगता येईना. बेत असा ठरला की दुपारी अण्णा आपल्या मागच्या खोलीत आरामखुर्चीत पडलेले असतात, तेव्हा पुढच्या खोलीत दार लावून मुलाने आणि सुनेने डॉक्टरांशी बोलायचं. काय असेल ते आधी आपण ऐकायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि मग अण्णांना झेपेल तेवढं सांगायचं. अण्णांना काय झेपतं, हे अण्णांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घर लहान, भिंती पातळ. मागच्या खोलीत अण्णांनी कूस बदलली तरी पुढे खुर्ची कुरकुरलेली ऐकू यायची. म्हणून मुलाने नवे हेडफोन आणले, वायर नसलेले, कान पुरते झाकणारे. सकाळीच त्याने ते लॅपटॉपला जोडले. पडद्यावर ‘जोडले’ असं आलं. एक गाणं लावून पाहिलं. कानात असं वाजलं की गायक खांद्यावर येऊन बसलाय.

‘‘झालं. आता मुंगीलाही ऐकू जाणार नाही,’’ तो म्हणाला.

हे बाकी खरं ठरलं. पण मुंगीत तोही धरलेला होता.

दुपारी आभाळ भरून आलं आणि खोलीत राखाडी उजेड पसरला. सुनेने जाऊन पाहिलं, अण्णा खुर्चीत डोळे मिटून होते. तिने त्यांचं दार ओढून घेतलं, मग पुढच्या खोलीचं लावलं. दोघं लॅपटॉपपुढे बसली. कान मुलाकडे आणि वही सुनेकडे, अशी वाटणी होती. दवाखान्याने दिलेलं अ‍ॅप उघडलं, गोल गोल फिरलं, आणि पांढऱ्या भिंतीपुढे बसलेले डॉक्टर दिसू लागले. अरुंद चेहरा, कपाळावर सरकवलेला चष्मा.

डॉक्टरांचे ओठ हलले.

मुलाने मान डोलावली. मग थांबला. मग त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

‘‘काय म्हणतायत?’’ सुनेने विचारलं.

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही कसं? बोलतायत ना!’’

‘‘अगं, ऐकूच येत नाहीये.’’

आवाज वाढवला. आणखी वाढवला. हेडफोनवरचा निळा दिवा शांतपणे लुकलुकत होता. पडद्यावर ‘जोडले’ होतंच. मुलाने हेडफोन बंद करून चालू केले. कानात एक बाई ‘जोडले’ म्हणाली. ती स्पष्ट ऐकू आली. तिच्यानंतर पुन्हा काही नाही. डॉक्टर बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते.

‘‘सकाळचं गाणं लाव बघू,’’ सून म्हणाली.

त्याने लावलं. गाणं दणक्यात वाजलं. पडद्यावर डॉक्टर गंभीर चेहऱ्याने ओठ हलवत होते आणि कानात कुणीतरी कुणालातरी बागेत भेटायला बोलावत होतं. मुलाने घाईघाईने ते बंद केलं. 

मग त्याने कॅमेऱ्यापुढे हात हलवला, स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मान नकारार्थी हलवली. डॉक्टरांनी ते पाहिलं. काहीतरी विचारलं. क्षणभर थांबले. मग समजल्यासारखी मान हलवली, हसले, आणि हाताने ‘असू दे, असू दे’ अशी खूण करून पुढे बोलू लागले.

‘‘त्यांना कळलं?’’

‘‘कळलं असं वाटतं. पण थांबत का नाहीयेत?’’

सुनेने जावईबापूंना फोन लावला आणि बोलणं दोघांना ऐकू यावं असं ठेवलं, आवाज अगदी बारीक करून.

‘‘भाऊजी,’’ मुलगा कुजबुजला, ‘‘हेडफोन जोडलेत, पण डॉक्टरांचा आवाज नाही. गाणं वाजतं.’’

‘‘अरे, सोपं आहे,’’ जावईबापू म्हणाले. सोपं आहे म्हटलं की त्यांचा आवाज गुबगुबीत होई. ‘‘आवाजाच्या यादीत तुझ्या हेडफोनचं नाव दोनदा दिसतंय ना? एकदा स्टिरिओ, एकदा हँड्सफ्री?’’

‘‘हो. दोन कशाला?’’

‘‘दोन सोंगं आहेत त्याची. स्टिरिओ म्हणजे नुसतं ऐकायचं, गाणं छान वाजतं, पण माइक नाही. हँड्सफ्री म्हणजे बोलायचं आणि ऐकायचं, आवाज टेलिफोनसारखा फडतूस. अ‍ॅपने हेडफोनचा माइक उघडला की हेडफोन दुसऱ्या सोंगात जातात आणि पहिलं मुकं होतं. हँड्सफ्रीवर टिचकी मार, बोलू लागतील तुझे डॉक्टर.’’

मुलाने मारली. डॉक्टर बोलू लागले नाहीत. त्याने पुन्हा गाणं लावलं. आता ते पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं वाजत होतं.

‘‘गाणं फडतूस झालं,’’ त्याने कळवलं. ‘‘डॉक्टर तसेच.’’

‘‘असं होणार नाही,’’ जावईबापू म्हणाले. आवाजातला गुबगुबीतपणा थोडा उतरला. ‘‘अ‍ॅपने माइक उघडला असता तर मघाशी तू लावलेलं गाणं मुकंच राहायला हवं होतं. म्हणजे अ‍ॅपने तुझ्या हेडफोनला हातच लावलेला नाही.’’

‘‘मग?’’

‘‘बघतो. तू जुनी खिडकी उघड, साउंडची.’’

एवढ्यात सुनेने नवऱ्याच्या दंडाला धरलं. ‘‘अहो, हे बघा.’’

डॉक्टरांनी एक चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. मान आडवी कापून आतलं दाखवतात तसलं. पेनाच्या टोकाने त्यांनी एका जागी गोल काढला. मग चित्र खाली ठेवून त्यांनी स्वतःची हनुवटी वर केली आणि बोट गळ्यावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवलं. सावकाश.

मुलाने पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

‘‘आपण काही विचारलं नाही ना त्यांना?’’ सून म्हणाली.

‘‘कसं विचारणार?’’

‘‘मग ते उत्तर कुणाला देतायत?’’

आता दोघांच्याही लक्षात आलं. डॉक्टर एकटेच बोलत नव्हते. ते बोलायचे, मग ओठ मिटून ऐकायचे. ऐकताना मान एका बाजूला कलायची. मध्येच भुवया वर जायच्या. एकदा त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. एकदा ते मनापासून हसले, आणि हसताना त्यांनी मुलाकडे पाहिलं, जसं कुणीतरी त्याच्याविषयी काही सांगितलंय. समोर बसलेल्या दोघांनी तर तोंड उघडलेलं नव्हतं. त्या कॉलमध्ये कुणीतरी तिसरं होतं. अ‍ॅपवर नावं दोनच दिसत होती, डॉक्टरांचं आणि यांचं.

‘‘हॅक झालं असेल का हो?’’ सून फोनमध्ये कुजबुजली.

‘‘घशाचा रिपोर्ट चोरून कुणाला काय करायचंय?’’ जावईबापू म्हणाले. पण त्यांनाही ते पटलं होतं असं वाटलं नाही. ‘‘खिडकी उघडली का रे?’’

‘‘उघडतोय.’’

‘‘उघडली की हिरवी खूण शोध.’’

सुनेने डावा हात वर करून नवऱ्याला गप्प केलं. तिला घरातून काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, घोगरं. मागच्या खोलीतून. ते शब्द नव्हते, शब्दांचा गाळ होता.

‘‘अण्णा झोपेत बोलतायत,’’ मुलगा म्हणाला. त्याने एक कान उघडा केला होता. ‘‘हल्ली बोलतात.’’

‘‘झोपेत माणूस थांबून थांबून बोलतं का?’’

पडद्यावर डॉक्टरांनी उजवा हात वर केला. एखाद्या वर्गापुढे ताल धरावा तसा. मग त्यांनी स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडलं. आतली जीभ दिसली, वरचे दात दिसले. ते तसेच, आ वासून, त्या दोघांकडे पाहत राहिले. आवाज नाही.

आणि बंद दाराआडून, मागच्या खोलीतून, एक लांब, खरखरीत स्वर आला.

‘‘आऽऽऽऽऽऽ...’’

डॉक्टरांनी हात खाली केला. स्वर थांबला.

डॉक्टरांनी पुन्हा हात वर केला.

‘‘आऽऽऽऽऽऽ...’’

ग्लास कलंडला. पाणी वहीवर पसरलं आणि ते पुसायला कुणीच हात पुढे केला नाही.

‘‘काय झालं?’’ फोनमधून जावईबापू. ‘‘कोण ओरडलं?’’

‘‘भाऊजी,’’ मुलगा म्हणाला, ‘‘हिरव्या खुणा दोन आहेत.’’

‘‘दोनच असतात. एक बरोबरची खूण. ती ज्याच्यापुढे, तिकडे गाणी, सिनेमे, सगळं जातं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. म्हणजे तू काही सांगितलं नाहीस तर लॅपटॉप आवाज तिकडे पाठवतो. ती कुठे आहे?’’

‘‘हेडफोनपुढे.’’

‘‘बरोबर. आणि दुसरी खूण, छोटा हिरवा फोन. तो ज्याच्यापुढे असतो, तिकडे बोलण्याचे कॉल जातात. ते डिफॉल्ट वेगळं असतं. तुझ्या अ‍ॅपने त्याचंच ऐकलंय. फोन कुणापुढे आहे?’’

मुलाने वाचलं. नाव असं काही नव्हतं. इंग्रजी अक्षरं, आकडे, आणि पुढे हँड्सफ्री.

पलीकडे जावईबापू गप्प झाले. ते इतके गप्प झाले की मागून त्यांच्या बायकोचा, म्हणजे अण्णांच्या मुलीचा आवाज आला, ‘‘आता तुम्ही काय करून ठेवलंत?’’

जावईबापूंनी जे करून ठेवलं होतं ते प्रेमापोटी होतं. गेल्या खेपेला त्यांनी अण्णांसाठी एक छोटा स्पीकर आणला होता, साबणाच्या डबीएवढा. नात शिकायला लांब गेलेली. रविवारी ती लॅपटॉपवर दिसायची, पण लॅपटॉपचा आवाज अण्णांना पुरत नसे. जावईबापूंनी डबी खुर्चीच्या हातावर ठेवली, जोडली, आणि कॉल कुठूनही आला तरी आवाज तिथेच जावा म्हणून हिरवा फोन तिच्या नावावर केला. डबीला माइकही होता. तोही तिच्याच नावावर केला. रविवारी लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर आणि डबी शेजारी, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतो याची चौकशी कुणी केली नव्हती. डबी अण्णा बंद करत नसत. लॅपटॉप उघडला की ती मुकाट्याने येऊन जोडली जायची.

म्हणजे कॉल सुरू झाल्यापासून डॉक्टर त्या डबीतून बोलत होते. स्वेटरांखालच्या पाकिटातलं सगळं, दोन रेघांसकट, अण्णांच्या खुर्चीच्या हातावर मांडलं जात होतं. आणि जे तिसरं माणूस कॉलमध्ये होतं, ते ज्याची गाठ होती तेच होतं.

‘‘आता काय करू?’’ मुलगा म्हणाला. त्याचा आवाज अण्णांच्यासारखा झाला होता.

‘‘हेडफोनच्या नावावर उजवी टिचकी मार. हिरवा फोन त्याला दे. आवाज तुझ्याकडे येईल.’’

‘‘नको,’’ सून म्हणाली.

पण तोवर त्याने टिचकी मारली होती. हिरवा फोन एका ओळीवरून उडून दुसऱ्या ओळीवर बसला, आणि मुलाच्या दोन्ही कानांत डॉक्टर आले. मऊ, थकलेला आवाज.

‘‘...तर काका, घाई नाही, पण निर्णय तुमचाच. मुलगा काय म्हणतो ते मी नंतर ऐकेन.’’

दाराआडून अण्णा म्हणाले, ‘‘हॅलो?’’

‘‘येतंय मला ऐकू,’’ डॉक्टर कानात म्हणाले. ‘‘बोला.’’

‘‘हॅलो? डॉक्टरसाहेब? गेला वाटतं आवाज.’’

‘‘काका, माझा आवाज येत नाहीये का तुम्हाला?’’

‘‘हॅलो...’’ मागच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. डबी कुणीतरी हातात घेऊन हलवली असावी. डॉक्टरांनी दचकून मान मागे घेतली.

‘‘डॉक्टर, मी त्यांचा मुलगा बोलतोय,’’ मुलगा घाईने म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले, काचेपलीकडच्या माशाकडे पाहावं तसे.

‘‘तुझं त्यांना जाणार नाही,’’ जावईबापू फोनवरून म्हणाले. ‘‘तू कान बदललास. तोंड अजून तिकडेच आहे. माइकच्या यादीतही बदलावं लागेल. एक टिचकी. मग अण्णा पूर्ण बाहेर, आणि तुम्ही आत. बदलतोस?’’

पडद्यावरचा बाण माइकच्या यादीवर जाऊन उभा राहिला. एका टिचकीत सगळं ठरल्याप्रमाणे होणार होतं. डॉक्टर याला सांगतील, हा ठरवेल, आणि मग संध्याकाळी आत जाऊन अण्णांना झेपेल तेवढं सांगेल. खोलीत राखाडी उजेड होता. दाराआडून तो स्थानकावरचा सूर, पार फाटलेला, पुन्हा पुन्हा ‘हॅलो’ म्हणत होता. उत्तर येणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारखा.

सुनेने ओली वही मिटली. 

मुलाने बाण मागे नेला. डबीच्या नावावर टिचकी मारली. हिरवा फोन परत जाऊन आपल्या जुन्या जागी बसला, आणि त्याच्या कानांत पुन्हा काहीही उरलं नाही. डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते बोलू लागले.

पुढचा कॉल दोघांनी नुसता पाहिला. डॉक्टरांनी बोटावर काही मोजलं. बराच वेळ ऐकलं. एकदा चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला आणि त्याच्याकडेच पाहत राहिले. शेवटी हात जोडले, ते या दोघांना नव्हेत, कुठेतरी वर, आवाजाच्या दिशेने. पडदा काळा झाला आणि त्यात दोघांचे चेहरे दिसले.

‘‘झालं का?’’ फोनमधून जावईबापूंनी विचारलं.

‘‘झालं,’’ सून म्हणाली, आणि फोन ठेवला.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. चादर नीट घडी करून पायाशी ठेवलेली. मुलगा दारात उभा राहिला. हेडफोन अजून गळ्यात होते.

‘‘या,’’ अण्णा म्हणाले. ‘‘साधी गाठ आहे म्हणे.’’

मुलाने मान खाली घातली.

‘‘त्या डॉक्टरला मी आधीच सांगितलं, की मुलाला वाटतंय मला काही माहीत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. तर तो म्हणतो, तुमचा मुलगा कानाकडे बोट दाखवतोय, त्याला कानाचा त्रास आहे का? म्हटलं, लहानपणापासून आहे. सांगितलेलं ऐकत नाही.’’

सुनेला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिने कशाचंच काही केलं नाही.

‘‘काय म्हणाले ते, अण्णा?’’ मुलाने विचारलं. सगळ्या बेतात हा प्रश्न त्याने अण्णांना विचारायचा असं कुठेच नव्हतं.

अण्णांनी घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही. मग ते तसेच बोलले, सरळ समोर पाहत, जसे रद्द झालेल्या गाड्यांविषयी बोलत.

‘‘वाईट गाठ आहे. दोन वाटा आहेत. किरणं दिली तर बोलणं बहुतेक राहील, पण गाठ परत यायची भीती जास्त. कापून काढली तर भीती कमी, पण स्वरयंत्रच जाईल. मग बोलायचं ते गळ्याच्या भोकातून, नाहीतर पाटीवर लिहून. मी कापा म्हटलं.’’

बाहेर पहिले थेंब पत्र्यावर पडू लागले होते.

‘‘आम्हाला विचारायचं तरी...’’ मुलगा म्हणाला, आणि ते वाक्य कुठे चाललंय हे लक्षात येऊन मध्येच थांबला.

‘‘बुधवारी त्यांच्याशी पुन्हा बोलायचंय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तोवर जेवढं बोलायचं आहे तेवढं मी बोलून घेणार आहे. बरंच आहे. तुझ्याविषयीच पुष्कळ आहे.’’

त्यांनी खुर्चीच्या हातावरची डबी उचलली आणि मुलाकडे धरली.

‘‘त्याआधी ही चार्जिंगला लाव. शेवटी शेवटी सारखी बीप बीप करत होती. त्या भल्या माणसाला वाटलं, मीच करतोय.’’